नॉर्मल लॉसला भंगाराचा दर, ॲबनॉर्मल लॉसला चांगल्या मालाचा दर: कारण आणि नोंदी

प्रश्न: मसाल्याच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, आता कॉस्टिंगही माझ्याकडे आले आहे. प्रोसेस अकाउंटमध्ये नॉर्मल लॉसला फक्त भंगाराची किंमत लावतात आणि ॲबनॉर्मल लॉसला चांगल्या मालाइतकी. दोन्ही वाया गेलेलाच माल, मग असे का? आणि हे पैसे शेवटी कुठल्या खात्यात जातात?

उत्तर:

मिरचीची पूड करायची तर देठ काढावे लागणार आणि मिरची वाळवताना ओलावा उडणार. शंभर किलो घेतली की शंभर किलो हातात येणार नाही, हे खरेदीच्या दिवशीच ठाऊक असते. म्हणजे जे वजन जाणारच आहे त्याची किंमत तुम्ही चांगल्या मालासाठीच मोजलेली असते. त्या देठांवर आणि उडालेल्या पाण्यावर वेगळा खर्च टाकायला काही उरत नाही; देठ विकून चार पैसे आले तर तेवढा खर्च कमी होतो, इतकेच. ड्रायर बिघडून करपलेल्या मिरचीचे तसे नाही. ती चांगली मिरची होऊ शकली असती. तिच्यावर कच्चा माल, मजुरी, वीज हे सगळे शेजारच्या चांगल्या मिरचीइतकेच खर्च झाले. म्हणून तिचा दरही चांगल्या मालाचाच, आणि तो खर्च मालाच्या किमतीतून बाहेर काढून थेट नफा-तोटा खात्यात न्यायचा.

टक्का मोठा की लहान यावर नॉर्मल-ॲबनॉर्मल ठरत नाही, एवढे आधीच मनात पक्के करा. नंदुरबारकडे ओली लाल मिरची घेऊन पथारीवर वाळवणाऱ्या व्यापाऱ्याचे वजन निम्म्याहून कितीतरी खाली येते, तरी ती घट नॉर्मल. आणि तुमच्या कारखान्यात निष्काळजीपणामुळे फुटलेली एक गोणीसुद्धा ॲबनॉर्मल.

आता एक लॉट शेवटपर्यंत नेऊ. आकडे समजायला सोपे जावेत असे घेतले आहेत. पहिली प्रक्रिया देठ काढणे आणि वाळवणे, दुसरी दळणे.

पहिली प्रक्रिया: देठ काढणे व वाळवणे

१०,००० किलो मिरची १८० रुपये दराने आत गेली, म्हणजे १८,००,००० रुपये. देठ काढण्याची मजुरी १,२०,००० आणि ड्रायरचे इंधन, वीज व कारखान्याचा इतर खर्च ६६,०००. एकूण नावे बाजू १९,८६,०००. आधी ठरवलेली नॉर्मल घट इनपुटच्या १० टक्के, म्हणजे १,००० किलो. यात ६०० किलो देठ, जे १० रुपये किलोने विकले जातात, आणि ४०० किलो ओलावा, ज्याचे काहीच येत नाही. नॉर्मल लॉसची वसुली त्यामुळे फक्त ६,००० रुपये. पूर्ण १,००० किलोला १० रुपये लावून १०,००० रुपये जमा करणे ही अगदी नेहमी दिसणारी चूक. ओलावा कोणी विकत घेत नाही.

दर असा काढायचा:

(एकूण खर्च − नॉर्मल लॉसची वसुली) ÷ (इनपुट − नॉर्मल लॉस)
= (१९,८६,००० − ६,०००) ÷ (१०,००० − १,०००)
= १९,८०,००० ÷ ९,०००
= २२० रुपये किलो

खालच्या आकड्यात प्रत्यक्ष निघालेला माल कुठेही येत नाही, हे नीट पाहा. भागाकार अपेक्षित मालाने करायचा. सगळी युक्ती इथेच आहे, आणि पुढच्या निम्म्या चुकाही याच भागाकारात होतात.

प्रत्यक्षात चांगली मिरची ८,८०० किलो निघाली. ९,००० अपेक्षित होती, म्हणून ॲबनॉर्मल लॉस २०० किलो. कारण शोधले तर रात्रपाळीत ड्रायरचा थर्मोस्टॅट अडकला होता आणि काही ट्रे करपले होते. प्रक्रिया खाते असे दिसेल:

| नावे | किलो | रुपये | जमा | किलो | रुपये |
|---|---|---|---|---|---|
| मिरची | १०,००० | १८,००,००० | नॉर्मल लॉस | १,००० | ६,००० |
| मजुरी | | १,२०,००० | ॲबनॉर्मल लॉस (२२० दराने) | २०० | ४४,००० |
| इंधन, वीज व इतर | | ६६,००० | दळण प्रक्रियेला वर्ग (२२० दराने) | ८,८०० | १९,३६,००० |
| एकूण | १०,००० | १९,८६,००० | एकूण | १०,००० | १९,८६,००० |

किलोचा रकाना दोन्ही बाजूंना जुळला पाहिजे. रुपये जुळले आणि किलो जुळले नाहीत, तर तुम्ही कुठेतरी दर ओढूनताणून बसवला आहे असे समजा.

नोंदी क्रमाने अशा. नॉर्मल लॉस खाते नावे ६,०००, प्रक्रिया खाते जमा. देठ विकले की रोख किंवा व्यापाऱ्याचे खाते नावे ६,०००, नॉर्मल लॉस खाते जमा. नॉर्मल लॉस खाते इथे बंद झाले, त्यातून नफा-तोटा खात्याला काहीच गेले नाही. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे अर्धे उत्तर हेच: नॉर्मल लॉसचा खर्च कुठल्याही खात्यात वेगळा दिसत नाही. १,००० किलो मिरचीची खरेदी ९,००० किलोच्या २२० रुपये दरात आधीच मिसळली आहे आणि माल विकला जाईल तेव्हा विक्रीच्या खर्चात जाईल.

ॲबनॉर्मल लॉसची वाट वेगळी. ॲबनॉर्मल लॉस खाते नावे ४४,०००, प्रक्रिया खाते जमा ४४,०००. करपलेली मिरची जे काही देईल ते या खात्याला जमा. उरेल ते कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला नावे.

करपलेला माल विकताना एक बारकावा येतो, जो वर्गातल्या उदाहरणात सहसा नसतो. ताळ्यानुसार घट २०० किलो, पण करपलेल्या मिरचीचे प्रत्यक्ष वजन केले तर ते १८० किलो भरले. उरलेला २० किलो जास्तीचा ओलावा होता, तो उडून गेला. खरेदीदार २५ रुपये किलो देतो, म्हणून वसुली १८० गुणिले २५, म्हणजे ४,५०० रुपये. नफा-तोटा खात्याला ३९,५०० जातील. २०० किलोला २५ लावून ५,००० रुपये वसुली धरली तर ५०० रुपयांचे येणे वहीत लोंबकळत राहते आणि वर्षअखेरीला ते कशाचे, हे कोणाला आठवत नाही. तसेच देठाचा १० रुपये दरही इथे लावू नका. वसुलीचा दर त्या-त्या मालाचा असतो. परीक्षेच्या गणितात दोन्हींना एकच भंगारदर देतात, तिथे तो लावा. कारखान्यात काट्यावरची चिठ्ठी पाहा.

विम्याचा दावा मंजूर झाला असेल तर ती रक्कमही ॲबनॉर्मल लॉस खात्यालाच जमा होते. नुसता दावा दाखल केला म्हणून ती जमा धरू नये.

प्रत्यक्ष मालाने भागले तर काय होते

समजा तुम्ही ॲबनॉर्मल लॉस वेगळा काढलाच नाही आणि १९,८०,००० रुपयांना निघालेल्या ८,८०० किलोंनी भागले. दर येतो २२५ रुपये. किलोमागे ५ रुपये म्हणजे फार नाही असे वाटते, पण ते ५ रुपये मालाच्या किमतीत लपून बसतात. ३१ मार्चला यातली ३,००० किलो मिरची दळायची राहिली असेल, तर शिल्लक साठा १५,००० रुपयांनी फुगेल. ड्रायर या वर्षी बिघडला, पण त्याचा काही भाग पुढच्या वर्षीच्या विक्रीवर पडेल. शिवाय विक्री विभाग २२५ वर नफा चढवून भाव काढेल आणि थर्मोस्टॅटचा खर्च ग्राहकाकडून मागेल. तो मिळणार नाही. आणि मालकाच्या डोळ्यांसमोर ३९,५०० रुपयांची ओळ कधी येणारच नाही, त्यामुळे थर्मोस्टॅट बदलण्याचा विषयही निघणार नाही.

टॅलीमध्ये मॅन्युफॅक्चरिंग जर्नल वापरत असाल तर ही चूक आपोआप होते. टॅलीला फक्त आत गेलेला माल आणि बाहेर आलेला माल कळतो. सगळा खर्च ती निघालेल्या ८,८०० किलोंवर टाकते. म्हणून करपलेली मिरची हा वेगळा स्टॉक आयटम ठेवा, त्यावर ४४,००० रुपयांचा खर्च वळवा आणि मग त्या आयटमचा साठा विकून येणाऱ्या किमतीला, म्हणजे ४,५०० ला उतरवा. तसे केले नाही तर निदान वर्षअखेरीला शिल्लक साठ्याचे मूल्य हाताने २२० दराने काढा. तुमच्याकडे कॉस्टिंगची वेगळी पुस्तके नसली तरी एवढ्याने वित्तीय हिशेब बरोबर येतो, कारण कच्चा माल आणि मजुरी आधीच नफा-तोटा खात्यात गेलेली असते. ॲबनॉर्मल लॉस साठ्यात गेला नाही म्हणजे तो त्याच वर्षाच्या खर्चात राहिला.

हा नुसता कॉस्टिंगचा संकेत नाही. साठ्याच्या मूल्यांकनाचे लेखा मानक एएस २ आणि इंड एएस २ दोन्ही स्पष्ट सांगतात की वाया गेलेला माल, मजुरी किंवा इतर उत्पादन खर्च यांतला असामान्य भाग साठ्याच्या किमतीत धरायचा नाही, तो ज्या काळात झाला त्याच काळात खर्च म्हणून दाखवायचा. ऑडिटरने विचारले तर हेच दाखवा.

माल अर्ध्यावर बिघडला तर

वरच्या हिशेबात करपलेल्या मिरचीला पूर्ण २२० रुपये लावले, कारण ती वाळवण्याच्या शेवटच्या टप्प्यात गेली आणि तिच्यावर सगळा खर्च होऊन गेला होता. दरवेळी तसे नसते. तीच २०० किलो मिरची रूपांतराच्या निम्म्या टप्प्यावर बिघडली असती, तर तिच्यावर कच्चा माल पूर्ण पण मजुरी-इंधन निम्मेच पडले असते. तेव्हा समतुल्य युनिट, म्हणजे अर्धवट झालेला माल खर्चाच्या हिशेबाने किती किलो पूर्ण मालाइतका, हे काढावे लागते.

कच्च्या मालासाठी ८,८०० अधिक २०० म्हणजे ९,००० किलो. कच्च्या मालाचा खर्च, देठांची वसुली वजा करून, १७,९४,०००. दर १९९.३३. मजुरी व इतर खर्चासाठी ८,८०० अधिक १०० म्हणजे ८,९०० किलो. खर्च १,८६,०००, दर सुमारे २०.९०. ॲबनॉर्मल लॉस होतो सुमारे ४१,९५७ रुपये, ४४,००० नाही. नॉर्मल लॉसचे समतुल्य युनिट शून्य धरतात, हे विसरू नका. त्याची वसुली कच्च्या मालाच्या खर्चातून वजा करतात.

आणि मिरची गोदामातच पावसाने भिजून गेली असेल, प्रक्रियेत आलीच नसेल, तर ती प्रक्रिया खात्याची घट नव्हेच. तिला १८० रुपये खरेदीदरानेच, ३६,००० रुपये, साठ्यातून काढून ॲबनॉर्मल लॉसला न्या आणि प्रक्रियेचे इनपुट ९,८०० किलो धरा. कारखान्यात या दोन गोष्टी फार सहज एकत्र होतात, कारण दोन्हींचा शोध त्याच दिवशी लागतो, जेव्हा माल कमी भरतो.

१० टक्के आले कुठून?

हा सगळा हिशेब नॉर्मल घटीच्या टक्क्यावर उभा आहे, आणि मिरचीत तो टक्का ओलाव्याप्रमाणे हलतो. देठ काढल्यावर ९,४०० किलो उरले. त्यात ओलावा १३.८ टक्के असेल तर सुके द्रव्य सुमारे ८,१०३ किलो. हे १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले की ८,१०३ भागिले ०.९०, म्हणजे सुमारे ९,००० किलो. आपले १० टक्क्यांचे प्रमाण या ओलाव्याला बरोबर बसते.

पण एखादा लॉट १६ टक्के ओलाव्याचा आला, तर सुके द्रव्य ७,८९६ आणि वाळल्यावर माल सुमारे ८,७७३ किलो. खात्यात २२७ किलो ॲबनॉर्मल लॉस दिसेल, २२० दराने सुमारे ५०,००० रुपये. ड्रायरवाल्याने काहीच चुकीचे केले नसताना त्याच्याकडे बोट जाईल. खरे तर खरेदीत पाणी १८० रुपये किलोने घेतले गेले आहे. हा खर्च ॲबनॉर्मल लॉसमध्ये ढकलणे चुकीचे आहे, कारण अशा मिरचीतून एवढाच माल निघणार होता. त्या लॉटची नॉर्मल घट वाढवून धरा. दर सुमारे २२५.७० होईल आणि तोच त्या मिरचीचा खरा दर आहे. इंधन जास्त लागले असेल तर आणखी वाढेल. व्यापाऱ्याकडून ओलाव्याची कटती मिळाली असेल तर ती कच्च्या मालाच्या खर्चातून वजा करा, घटीच्या खात्यात आणू नका.

म्हणून एकच टक्का वर्षभर लावण्यापेक्षा आवक ओलाव्यानुसार छोटे कोष्टक करून ठेवावे असे माझे मत आहे. गोणी उतरवतानाच ओलावा मोजून लॉटच्या कार्डावर लिहिला, तर त्या आकड्यावरून नॉर्मल घट आधीच ठरते. ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा. माल निघाल्यावर टक्का ठरवायला बसलात तर प्रत्येक घट नॉर्मल ठरेल. उत्पादन विभागाकडून असा आग्रह होतो, आणि त्यांच्यावर ठपका येऊ नये म्हणून तो होणारच. टक्का ठरवताना मागच्या वर्षीच्या लॉटांची सरासरी घेत असाल, तर बिघाड झालेले लॉट त्यातून काढून टाका. नाहीतर मागच्या वर्षीचा ॲबनॉर्मल लॉस या वर्षी नॉर्मल होऊन बसेल.

टक्का इनपुटवर आहे की आउटपुटवर, हेही कार्डावर लिहा. इनपुटच्या १० टक्के म्हणजे १०,००० वर १,००० किलो. आउटपुटच्या १० टक्के म्हणजे सुमारे ९०९. ९१ किलोचा फरक, २२० दराने वीस हजार रुपये, नुसत्या समजुतीच्या घोळातून.

दळण: अपेक्षेपेक्षा जास्त माल निघाला तर

घट नॉर्मलपेक्षा कमी झाली की ॲबनॉर्मल गेन. नोंदीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून दुसरी प्रक्रिया मुद्दाम तशी घेतली आहे.

८,८०० किलो मिरची १९,३६,००० रुपयांना आली. दळणाचा खर्च किलोला १६ रुपये, म्हणजे १,४०,८००. एकूण २०,७६,८००. नॉर्मल घट २ टक्के, १७६ किलो. ही घट चाळणीवर उरणारी जाडसर चाळ समजा. ती ४० रुपयांनी विकली जाते, वसुली ७,०४० रुपये. दर (२०,७६,८०० − ७,०४०) भागिले ८,६२४, म्हणजे बरोबर २४० रुपये.

पूड निघाली ८,६७४ किलो, अपेक्षेपेक्षा ५० किलो जास्त. हे ५० किलो प्रक्रिया खात्याच्या नावे बाजूला, २४० दराने १२,००० रुपये. जमा बाजूला नॉर्मल लॉस १७६ किलो ७,०४० रुपये आणि तयार माल ८,६७४ किलो २०,८१,७६० रुपये. दोन्ही बाजू २०,८८,८०० वर जुळतात.

गंमत पुढे आहे. नॉर्मल लॉस खाते ७,०४० ने नावे झाले, पण चाळ निघाली १२६ किलो आणि तिचे आले ५,०४०. खात्यात २,००० रुपये शिल्लक राहिले. बरेच जण ते नफा-तोटा खात्याला टाकून मोकळे होतात किंवा खरेदीदाराकडून येणे म्हणून ठेवतात. तसे करू नका. ज्या ५० किलोची चाळ झाली नाही तीच पूड म्हणून निघाली. तिची ४० रुपयांची विक्री त्यामुळे हुकली. हा २,००० रुपयांचा खड्डा ॲबनॉर्मल गेनमुळेच पडला, म्हणून तो त्याच खात्याने भरायचा: ॲबनॉर्मल गेन खाते नावे २,०००, नॉर्मल लॉस खाते जमा २,०००. मग गेन खात्यात उरलेले १०,००० कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला जमा. नफा १२,००० नाही, १०,००० आहे.

प्रक्रिया खात्यात नॉर्मल लॉस १७६ किलोच राहतो, १२६ नाही, हेही लक्षात असू द्या. मानक प्रमाण बदलत नाही. प्रत्यक्षातला फरक गेन खाते सांभाळते. हे न करता प्रत्यक्ष मालाने भागले असते तर पूड सुमारे २३८.८५ ला पडली असती. एका चांगल्या महिन्याचा दर पाहून घेतलेली ऑर्डर पुढच्या महिन्यात तोट्यात जाते.

गेन दिसला की मला आधी वजनावर शंका येते. पूड उडू नये म्हणून किंवा रंगासाठी तेल लावले असेल आणि ते इनपुटच्या किलोत धरले नसेल, तर ते तेलच गेन म्हणून दिसते. पावसाळ्यात पूड हवेतला ओलावा ओढते. आदल्या लॉटची पूड चक्कीत आणि सायक्लोनमध्ये अडकलेली असते, ती या लॉटमध्ये मोजली जाते. मग आदल्या लॉटला ॲबनॉर्मल लॉस आणि या लॉटला गेन, दोन्ही खोटे. रिकाम्या गोणीचे वजन वजा केले नाही, हेही कारण असते. यातले काहीच नसेल आणि सलग तीन-चार महिने गेन येत असेल, तर २ टक्के प्रमाण सैल आहे. ते घट्ट करा. सैल प्रमाणाने मालाचा दर फुगतो आणि नफा-तोटा खात्यात न कमावलेला नफा दिसतो.

जीएसटीचे काय?

करपलेली मिरची कर लावून विकली तर प्रश्न येत नाही. ती फेकून दिली, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार नष्ट झालेल्या किंवा निर्लेखित केलेल्या मालावरचा इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावा लागतो. वाळलेल्या मिरचीवर ५ टक्के कर धरला तर २०० किलोच्या ३६,००० रुपये खरेदीवर १,८०० रुपये. ही रक्कमही ॲबनॉर्मल लॉस खात्याला नावे करा, कारण ती त्याच घटनेतून आली. माल थेट शेतकऱ्याकडून कर न भरता घेतला असेल तर परत करायला क्रेडिटच नसते. देठ आणि ओलावा यांसारख्या प्रक्रियेतच होणाऱ्या घटीला हे कलम लागत नाही, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका पोलाद उत्पादकाच्या प्रकरणात दिला. पण तुमची घट खरोखर प्रक्रियेतली आहे हे दाखवायला कागद लागतात. लॉटचे कार्ड, आवक ओलावा, देठांचे वजन, काट्याच्या चिठ्ठ्या आणि आधी ठरवलेल्या टक्क्याचा तारखेसह कागद एवढे एकत्र लावून ठेवा. अधिकारी आला की तो आधी हा टक्का कधी ठरवला, ते विचारतो.